लाइन चार्टवर नियमबदलाची खूण

प्रश्न: नवा नियम कधी लागू झाला ते लाइन चार्टवर दाखवायचंय, पण चित्र भरून जातंय. काय करू?

त्या तारखेला एकच बारीक, राखाडी उभी रेष द्या, डेटाच्या रेषेच्या मागे. मजकूर तिला चिकटून वरच्या टोकाला, दोन-तीन शब्दांत. चौकट, बाण, लीजंड काही नको.

खरी गोची तारखेची असते. समजा नियम 15 जुलैचा आणि आकडे मासिक आहेत. बरीच सॉफ्टवेअर जुलैचा बिंदू 1 तारखेवर ठेवतात. मग जुलैतली घट उभ्या रेषेच्या आधीच दिसते, जणू नियमाचा काही संबंधच नाही! बिंदू महिन्याच्या मध्यावर सरकवा. तरी जुलैचा आकडा अर्धा जुन्या, अर्धा नव्या नियमाचा असतो. परिणाम ऑगस्टपासून वाचा.