पगारवाढ आणि गाडीचा हप्ता

प्रश्न : मी चिपळूणला राहतो आणि लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. जुलैपासून हातात ३८,५०० ऐवजी ४७,००० रुपये येतात. एप्रिल ते जूनचा फरक २५,५०० रुपये एकदम मिळाला आहे. घरखर्च ३६,००० आणि विम्याचे हप्ते महिना २,५०० आहेत. शिल्लक दीड लाखाची एफडी आहे. ती मोडून आणि पाच लाखांचे सात वर्षांचे कर्ज काढून गाडी घ्यावी, असे ठरवतो आहे. हप्ता ८,२०० च्या आसपास, म्हणजे वाढीतच बसतो. गावच्या घराचे छप्परही करायचे आहे, अंदाजे सव्वा लाख. मुलगी ५ वर्षांची आहे. गाडी घेऊ का?

उत्तर : या घडीला गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच आहे.

आपण ८,५०० रुपयांची संपूर्ण वाढ मोकळी धरली आहे, पण तिचा काही भाग महागाईने आधीच घेतला आहे. किराणा, शाळेची फी, विजेचे बिल मिळून खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर ३६,००० चे ३७,८०० होतात आणि तेवढ्यात १,८०० रुपये जातात. त्यात विमा आणि साडेनऊ टक्के व्याजाने येणारा ८,१७२ रुपयांचा हप्ता मिळवला की बेरीज ४८,४७२ होते, म्हणजे पेट्रोल, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग यांचा एक रुपयाही न धरता दरमहा सुमारे दीड हजारांची तूट पडते. ही तूट पहिल्या दोन-तीन महिन्यांत फरकाच्या रकमेतून भागते, म्हणून जाणवत नाही. पुढे गणपतीचा खर्च क्रेडिट कार्डावर जातो आणि कार्डाचे पूर्ण बिल न भरता फक्त किमान रक्कम भरली जाऊ लागते. शिवाय वाढ यंदाची आहे आणि हप्ता सात वर्षांचा. त्या काळात निव्वळ व्याजच सुमारे १ लाख ८६ हजार होईल.

एफडीला तर अजिबात हात लावू नका. दीड लाख म्हणजे आपल्या घराचा जेमतेम चार महिन्यांचा खर्च आहे, आणि खासगी नोकरीत तेवढा आधार हाताशी असलाच पाहिजे.

महागाईचे १,८०० बाजूला काढल्यावर ६,७०० उरतात. त्यांतला मोठा वाटा मी छपरासाठी ठेवला असता, कारण वासे आणि रिपा कुजलेल्या घरात प्रत्येक पावसाळ्यागणिक काम वाढत जाते. आज सव्वा लाखात होणारे काम भिंतीत पाणी मुरल्यावर त्याच रकमेत होणार नाही. याच महिन्यापासून बँकेत ५,००० रुपयांची २० महिन्यांची आवर्त ठेव उघडा, म्हणजे ती पावसाच्या बरीच आधी, मार्चच्या सुमारास पूर्ण होईल आणि लाकूड व सुतार वेळेवर ठरवता येतील. साडेसहा टक्के व्याज धरल्यास १ लाख ५ हजारांहून थोडे अधिक मिळतील आणि फरकाचे २५,५०० त्यात घातले की काम पार पडेल. फरकाची ती रक्कम बचत खात्यात न ठेवता आजच तेवढ्याच मुदतीच्या एफडीत टाका. पोस्टाची आवर्त ठेव या कामाला घेऊ नये, कारण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केली तरी बचत खात्याचेच व्याज मिळते.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडून महिना १,००० भरायला लागा. ती १८ वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. या खात्याचे व्याज ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजले जात असल्याने भरणा ५ तारखेच्या आत झाला पाहिजे. उरलेले ७०० रुपये घरातल्यांच्या हौसेसाठी राहू द्या. वाढ झाली आणि घरात कोणालाच काही जाणवले नाही, तर असा बेत फार काळ टिकत नाही.

या दोन्ही रकमा पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळत्या होतील, अशी स्थायी सूचना बँकेला द्या. महिनाअखेर जे उरेल ते टाकू, असे म्हणाल तर यूपीआयवरच्या किरकोळ खर्चात पाच हजार कधी गेले ते कळणार नाही. बेत नीट चालला आहे की नाही, हे २५ तारखेच्या शिलकीवरून ओळखा. सलग तीन महिने ती दोन हजारांखाली येत असेल, तर घरखर्चाचा ३६,००० चा आकडा मुळातच कमी धरलेला आहे. तो पुन्हा मोजा, पण ठेव मोडू नका.

आवर्त ठेव संपली की दरमहा ५,००० मोकळे होतील, आणि तोवर एक पगारवाढ आणखी झालेली असेल. तिच्यातूनही आधी महागाईचा वाटा काढून उरलेल्याचा निम्मा भाग गाडीसाठी साठवत राहिलात, तर पुढे एफडी न मोडता सुरुवातीची रक्कम जमेल आणि कर्ज तीन लाखांवर आणता येईल. त्याच व्याजदराने पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ६,३०० बसतो, तर एकूण व्याज ८० हजारांच्या आत राहते. गाडीचा विचार त्या वेळी जरूर करावा.