पंधरा-जीवर सही करण्याआधी पैसे कोणाचे ते बघा

प्रश्न: माझं वय 47, गृहिणी, राहणार मनीषनगर, नागपूर. एप्रिल 2024 मध्ये ह्यांनी माझ्या नावावर 20 लाखांची एफडी केली, व्याज 7 टक्के, दर तिमाहीला खात्यात येतं. त्यात 4 लाख माझ्या वडिलांनी दिलेले, बाकी ह्यांचे. ह्यांचं करपात्र उत्पन्न 17 लाख, नवी करप्रणाली. बँकेतले म्हणाले, बायकोच्या नावावर ठेवा आणि 15जी द्या, कर लागत नाही. यंदा फॉर्म द्यायचा राहिला आणि दोन तिमाहींत 7,000 रुपये कापले. परत मिळतील का? (ऑक्टोबर 2025)

उत्तर: ताई, बँक ते परत करणार नाही, रक्कम सरकारजमा झाली. रिटर्न भरून मिळेल, पण सगळी तुम्हाला नाही.

मागच्या वर्षी सही केलेला 15जी काढून घोषणेचा भाग वाचा. त्यात लिहिलेलं असतं की हे उत्पन्न कलम 60 ते 64 नुसार दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात धरलं जाणारं नाही. तुमच्या बाबतीत ते धरलं जातं. नवऱ्याने बायकोला पैसे देणं कायदेशीर आहे, त्या देण्यावर करही नाही. पण त्या पैशांवरचं व्याज कलम 64 नुसार नवऱ्याच्याच उत्पन्नात जातं. फॉर्म देऊन कर माफ होत नाही, फक्त बँक कापत नाही. चुकीच्या घोषणेला कलम 277 खाली शिक्षाही आहे. हे न सांगता फॉर्म पुढे करणाऱ्या बँकेच्या माणसाचा मला राग येतो, कारण सही तुमची असते.

आता हिशेब. वर्षाचं व्याज 1.40 लाख. वडिलांच्या 4 लाखांवरचे 28,000 तुमचे, उरलेले 1.12 लाख ह्यांचे. यंदा त्यांच्या 20 टक्के टप्प्यात सेससह कर सुमारे 23,000 होतो. मागच्या वर्षी 15 लाखांच्या पुढच्या उत्पन्नावर 30 टक्के होते, म्हणजे जवळपास 35,000, आणि ते भरलेलेच नाहीत. ह्यांनी 31 डिसेंबर 2025 च्या आत मागच्या वर्षाचं सुधारित रिटर्न भरावं, कर आणि त्यावरचं व्याज देऊन टाकावं. तारीख चुकली तर अद्ययावत रिटर्न भरावं लागेल आणि कर व व्याजावर किमान 25 टक्के जास्त जातील.

यंदा 15जी देऊ नका. नियम 37बीए खाली बँकेला लेखी द्या की व्याजाचा इतका भाग पतीच्या उत्पन्नात जातो, सोबत त्यांचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण. मग पुढचा त्या भागाचा टीडीएस त्यांच्या पॅनवर दिसायला हवा. आधी कापलेल्या 7,000 पैकी 5,600 तुम्ही रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात त्यांच्या पॅनकडे वळवा. उरलेले 1,400 तुमचा परतावा.

एफडीची मुदत संपली की वडिलांचे 4 लाख वेगळ्या एफडीत टाका, आणि आलेलं व्याज तिसऱ्या एफडीत. त्या व्याजावर मिळणारं व्याज मात्र तुमचंच उत्पन्न, ते ह्यांच्यात धरलं जात नाही.