बॅनर बदलला आणि कन्व्हर्जन घटले

'बीकॉमनंतर डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून मी पुण्यातल्या एका एजन्सीत ट्रेनी म्हणून लागले. आमच्याकडे एका जर्मन ऑनलाइन दुकानाच्या जाहिराती आहेत. त्यांनी कुकीचा बॅनर बदलल्यापासून गुगल अ‍ॅड्समधले कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या म्हणून मोजलेल्या ऑर्डर, खूप घटलेत, पण विक्री तेवढीच आहे असं क्लायंट सांगतो. सिनियर म्हणतात, मॉडेलिंग सुरू झालं की आकडा भरून येईल. असा भरून आलेला आकडा खोटा नाही का? इंटरव्ह्यूत तो माझं काम म्हणून सांगू का? आणि पुढे काय शिकू?'
– एक वाचक, पुणे

आकडा खोटा नाही, पण तो मोजलेलाही नाही. तो गुगलने मॉडेलिंगने काढलेला अंदाज आहे. हा फरक नीट सांगता येणं हेच तुझ्या क्षेत्रातलं खरं कौशल्य आहे, म्हणून आधी तेवढाच भाग उलगडते.

युरोपात कुकीला 'नकार' देणं 'स्वीकार' देण्याइतकंच सोपं असावं, असा नियामकांचा आग्रह आहे. याच कारणावरून फ्रान्सच्या सीएनआयएल या संस्थेने गुगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केल्याचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी, सारख्या आकाराची आली की नकार देणारे वाढतात, आणि त्यांच्या ऑर्डर जाहिरातीशी जोडता येत नाहीत.

आता हिशोब मांडू. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. 6,000 युरो खर्च, 10,000 क्लिक आणि त्यातून खरोखर आलेल्या 300 ऑर्डर. 80 टक्के लोक संमती देत होते तेव्हा अहवालात 240 ऑर्डर दिसायच्या, म्हणजे एका ऑर्डरमागे 25 युरो. संमती 50 टक्क्यांवर आली की दिसतात 150, आणि खर्च दिसतो 40 युरो. प्रत्यक्षात दोन्ही वेळी तो 20 युरोच होता. दुकानाचं काहीच बिघडलेलं नाही, पण हा अहवाल वाचून कोणी बजेट कापलं तर नुकसान खरं होईल.

उरलेल्या 5,000 क्लिकांचं काय होतं ते बघ. संमतीप्रमाणे मोजणी करणारा गुगलचा कन्सेंट मोड 'अ‍ॅडव्हान्स्ड' पद्धतीने बसवला असेल, तर नकार दिलेल्या माणसाकडूनही कुकीशिवाय एक छोटा संदेश जातो. क्लिक झाला हे कळतं, ऑर्डर झाली हेही कळतं. पण ही ऑर्डर त्याच क्लिकची आहे का, हे जोडणारा धागा नसतो. मग देश, डिव्हाइस, ब्राउझर, वेळ अशा बाबतींत सारख्या असलेल्या संमती दिलेल्या लोकांचं वागणं बघून गुगल तो धागा अंदाजाने जोडतं. म्हणूनच आकडा कधी अपूर्णांकात येतो, काही दिवसांनी मागच्या तारखांचाही बदलतो आणि 'यातली नेमकी ऑर्डर कोणती' हे कोणालाच दाखवता येत नाही. गुगल अ‍ॅड्समध्ये तो मोजलेल्या आकड्यासोबत एकाच रकान्यात मिसळलेला असतो.

यात एक गृहीतक दडलेलं आहे: संमती देणारे आणि नाकारणारे, बाकी सगळं सारखं असेल तर, सारखंच खरेदी करतात. पण दुकानाचे जुने, विश्वास बसलेले ग्राहक जास्त संमती देत असतील, तर अंदाज फुगू शकतो.

दुसरी अडचण उंबरठ्याची आहे. एका देशात, एका डोमेनवर, 7 दिवसांत किमान 700 जाहिरात-क्लिक लागतात. त्याखाली हे मॉडेलिंग होत नाही. तुमचा क्लायंट ऑस्ट्रियातही माल विकत असेल आणि तिथले क्लिक या उंबरठ्याखाली असतील, तर जर्मनीचा आकडा भरून येईल आणि ऑस्ट्रियाचा पडलेलाच राहील. मग ऑस्ट्रियाची मोहीम वाईट वाटते आणि तिचे पैसे जर्मनीकडे वळवले जातात. देशानुसार तुलना करण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

सिनियरांवर विसंबण्याआधी तू स्वतः एक तपासणी कर. साइट नव्या खाजगी विंडोत उघड, ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये गुगलला जाणाऱ्या विनंत्यांत संमतीची स्थिती सांगणारा `gcs` शोध. बॅनरला हात लावण्याआधी `G100`, म्हणजे संमती नाही, आणि सगळं स्वीकारल्यावर `G111`, म्हणजे संमती आहे, असं दिसायला हवं. आधी काहीच जात नसेल, तर पद्धत बहुधा 'बेसिक' आहे. तिथे नकार देणाऱ्यांकडून संदेशच येत नाहीत, त्यामुळे अंदाज ढोबळ राहतो. आणि आधीच `G111` जात असेल, तर संमती न घेताच माहिती गोळा होते आहे. ते त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घाल.

इंटरव्ह्यूत 'कन्व्हर्जन वाढवले' असं मात्र सांगू नकोस. मॉडेलिंग सुरू झाल्याने वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली विक्री नव्हे, आणि जाणकार माणूस पुढच्याच प्रश्नात तुला पकडेल. त्याऐवजी दर आठवड्याचा एक तक्ता ठेव: दुकानाच्या प्रणालीतल्या एकूण ऑर्डर, गुगल अ‍ॅड्समधले कन्व्हर्जन आणि बॅनरच्या टूलमधला संमतीचा टक्का. ऑर्डर स्थिर आहेत आणि संमतीबरोबर कन्व्हर्जन पडतात, तर घट मोजणीतली आहे. ऑर्डरही पडल्या, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. क्लायंटची परवानगी घेऊन, नाव आणि खरे आकडे झाकून, हा तक्ता पोर्टफोलिओत लाव.

तुझा प्रश्न वाचून मला वाटतं, तुझा ओढा जाहिराती चालवण्यापेक्षा मोजमापाकडे आहे. त्यासाठी टॅग मॅनेजर आधी शीक, मग एसक्यूएल. बीकॉममध्ये खाती जुळवायला शिकलीस, ती सवय इथे थेट कामाला येते. कोर्सला पैसे घालण्याआधी क्लायंटकडून मागच्या 3 महिन्यांचा तारीखवार ऑर्डरांचा तक्ता मागून घे. ग्राहकांची नावं आणि ईमेल त्यात नकोत.