इंटिग्रलच्या मर्यादा कुठून कुठवर घ्यायच्या?

प्रश्न: 1/√k ची १ पासून १० लाखांपर्यंतची बेरीज साधारण किती, हे एकेक पद न मिळवता काढायचं आहे. दोन इंटिग्रलमध्ये अडकवतात म्हणे, पण मर्यादा 1 ते n घ्यायच्या की 1 ते n+1, यातच माझा घोळ होतो.

उत्तर:

सूत्र पाठ करू नका, एकच पद धरा. समजा k = 7. 1/√x हे फलन घटतं आहे, त्यामुळे ७ ते ८ या पट्ट्यात आलेखाची उंची 1/√7 च्या वर कुठेच जात नाही, आणि ६ ते ७ या पट्ट्यात ती 1/√7 च्या खाली येत नाही. दोन्ही पट्ट्यांची रुंदी १, म्हणजे पद उजवीकडच्या पट्ट्यातल्या क्षेत्रफळापेक्षा मोठं आणि डावीकडच्यापेक्षा लहान:

```
∫[k, k+1] dx/√x  <  1/√k  <  ∫[k-1, k] dx/√x
```

आता सगळी पदं मिळवा. डावी बाजू आपोआप 1 ते n+1 होते. उजवीकडे मात्र k = 1 ला पट्टा ० पासून सुरू होतो, आणि तिथे फलन अनंताकडे जातं. इथे ते इंटिग्रल कसंबसं निभावतं, पण 1/k असतं तर अनंतच आलं असतं. म्हणून पहिलं पद बाहेर काढून जसंच्या तसं ठेवायचं:

```
2√(n+1) - 2  <  S  <  1 + (2√n - 2) = 2√n - 1
```

n = 10⁶ घातलं की S १९९८.००० आणि १९९९ यांच्यामध्ये सापडते. खालची सीमा नेमकी १९९८.०००९९९… आहे, म्हणजे १९९८ च्या किंचित वर. त्यामुळे पूर्णांक भाग १९९८ हे पक्कं झालं.

फट जवळजवळ १ ची राहिली, कारण फलन सुरुवातीलाच झपाट्याने उतरतं. सगळी ढिलाई पहिल्या काही पदांत आहे, तेव्हा तीच हाताने मिळवा. पहिल्या चारांची बेरीज २.७८४५. पाचव्यापासून पुढच्या शेपटीला खालून 2√1000001 − 2√5 ≈ १९९५.५२८९, वरून 2·1000 − 2√4 = १९९६. एकूण S १९९८.३१३ ते १९९८.७८५ मध्ये. चारच पदांत फट निम्म्याहून कमी झाली. १०० पदं वेगळी काढलीत तर ती ०.१ च्या आत येते, कारण फट म्हणजे जवळपास शेवटच्या वेगळ्या काढलेल्या पदाइतकीच. (खरी किंमत १९९८.५४०.)

मर्यादा चुकल्या का, हे n = 1 घालून लगेच कळतं. S तेव्हा 1 असते. वरची सीमा चुकून 2√n − 2 लिहिली असेल, तर ती ० येईल. पहिलं पद विसरणं ही यातली नेहमीची चूक.

फलन वाढतं असेल, उदाहरणार्थ √k, तर दोन्ही असमानता उलटतात. आणि (ln k)/k सारखं आधी चढून मग उतरणारं असेल, तर शिखर e ≈ २.७१८ ला आहे. तिथे k = 1, 2, 3 ही पदं सुटी मिळवा आणि इंटिग्रल ३ पासून पुढेच लावा; चढत्या भागावरून तसंच लावलं तर वरच्या पट्ट्याचा युक्तिवादच टिकत नाही.