तेलातला लसूण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी सोललेला लसूण खोबरेल तेलात बुडवून ओट्यावरच बरणीत ठेवते. दोन-दोन महिने टिकतो, वास येत नाही, बुरशी नाही. यात धोका कसला? (फोंडा)

बुरशीला हवा लागते. तेलाने हवा तोडली, म्हणून बुरशी नाही. पण ज्याला हवा नकोच असते असा एक जिवाणू आहे: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात आणि लसूण मातीतच वाढतो. लसूण कितीही धुतला तरी काही बीजाणू पाकळ्यांवर राहू शकतात. उघड्यावर ते निपचित पडून असतात. तेलात मात्र त्यांना हवे ते सगळे मिळते. हवा नाही, पाकळीत ओलावा आहे, आंबटपणा नसल्यातच जमा, आणि वर आपल्याकडची ऊब. मग ते रुजतात आणि विष तयार करतात. या विषाला वास असेलच असे नाही, चव किंवा रंग बदलेलच असेही नाही. त्यामुळे ‘नाकाला बरा वाटतो’ ही परीक्षा इथे कामाची नाही. दरवेळी असे होत नाही हे खरे. म्हणूनच कित्येक घरांत वर्षानुवर्षे काही बिघडलेले दिसत नाही.

1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्तराँमध्ये जेवलेल्या 36 जणांना याच विषाने होणारा बोट्युलिझम हा आजार झाला. कारण सापडले ते सोयाबीन तेलातल्या बारीक चिरलेल्या लसणाच्या बाटलीत. ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असे बाटलीवर लिहिलेले होते, तरी ती बाहेरच राहिली. सुरुवातीला बऱ्याच रुग्णांचे निदानच चुकले. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात तसाच प्रकार झाल्यावर तेलातला लसूण विकायचा तर तो आंबट केलेला हवा, नुसत्या थंडाव्यावर भागणार नाही, असे अमेरिकेच्या अन्न खात्याने उत्पादकांना बजावले.

प्रश्न: मी लसूण आधी तेलात परतते, मग बरणी भरते. कडकडीत तेलात जंतू मरतीलच ना? (म्हापसा)

जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. ते मारायला 121 अंशांवर साधारण तीन मिनिटे लागतात आणि तेही ओल्या उष्णतेत, म्हणजे दाबाच्या वाफेत. तेल 170 अंशांवर असले तरी पाकळीच्या आत पाणी असते, आणि ते आहे तोवर आतले तापमान शंभराच्या फारसे वर जात नाही. उलट परतल्यामुळे बीजाणूंशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मरतात आणि त्यांना मैदान मोकळे मिळते. पाकळ्या पार कुरकुरीत, कोरड्या होईपर्यंत तळल्या तर गोष्ट वेगळी, कारण पाण्याशिवाय जिवाणू वाढत नाही. लसणाची सुकी चटणी म्हणूनच टिकते.

प्रश्न: मग रेशाद मसाला आणि मिस्कूट? त्यांतही लसूण असतो, तेही महिनोन्‌महिने बाहेर! (मडगाव)

तिथे आंबटपणा राखणदार आहे. पीएच 4.6 च्या खाली हा जिवाणू वाढत नाही. रेशादमध्ये लसूण विनेगरात वाटला जातो, म्हणून आंबटपणा कणाकणात पोचतो. मिस्कुटात कैरीचा आंबटपणा आणि भरपूर मीठ. पण विनेगरऐवजी पाणी घालून वाटलेला रेशाद बाहेर ठेवू नका. आणि तेलातल्या अख्ख्या पाकळ्यांवर चमचाभर विनेगर ओतल्याने काही साधत नाही: ते तेलात मिसळत नाही, तळाशी जाऊन बसते.

आंबट करून तेलात घालायचाच असेल तर लसूण पाव इंचाहून बारीक चिरा. दोन कप पाण्यात मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे तीन टक्के, सायट्रिक आम्ल विरघळवा. लसणाच्या तिप्पट वजनाचे ते पाणी घेऊन त्यात लसूण 24 तास बुडवून ठेवा, निथळा आणि मग तेलात घाला. लिंबू पिळून हे माप जमत नाही, लिंबागणिक आंबटपणा बदलतो.

प्रश्न: इतका खटाटोप नको असेल तर? (डिचोली)

लागेल तेवढाच करा. ताज्या लसणाचे तेल 4 अंशांखाली फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, उरले तर फेका. पावसाळ्यात चार तासांहून जास्त वीज गेली तर त्या बरणीचा मोह सोडा. जास्त दिवस हवे असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, महिनोन्‌महिने चालते.

प्रश्न: असा लसूण गेल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आता काय? (काणकोण)

बहुधा काहीच होणार नाही. लक्षणे साधारण 12 ते 36 तासांत दिसतात, क्वचित दहा दिवसांपर्यंतही. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, जीभ अडखळणे, तोंड कोरडे पडणे, घास गिळता न येणे. मग अशक्तपणा वरून खाली, हातापायांकडे उतरतो. ताप सहसा नसतो, माणूस शुद्धीत असतो, म्हणून लोक ‘थकवा’ म्हणून सोडून देतात. असे काही जाणवले तर वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलात जा आणि तेलातला लसूण खाल्ल्याचे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही, आणि प्रतिविष जितके लवकर तितका उपयोग जास्त. बरणी चाखून पाहू नका. कोणाला त्रास होत असेल तर ती फेकू नका, झाकण घट्ट लावून सोबत न्या, तपासणीला लागेल.