नवऱ्याशी घरकामाचं बोलायचंय? आधी एवढंच कर

अगं, पहिलं म्हणजे रात्री सिंकमध्ये भांडी साठलेली असताना विषय काढू नकोस, तेव्हा तोंडातून "तू कधीच काही करत नाहीस" हेच निघतं आणि मग तो फक्त स्वतःची बाजू मांडत बसतो. रविवारी सकाळी चहा झाला की कागद घेऊन दोघं बसा आणि घरातली सगळी कामं लिहा. न दिसणारी पण लिही हं, म्हणजे सिलिंडर बुक करणं, तूरडाळ संपत आलीय हे लक्षात ठेवणं, मावशी येणार नसतील तर काय करायचं ते ठरवणं. आमच्याकडे कागद भरल्यावर नवरा स्वतःच म्हणाला, "एवढं असतं?"

मग विचार, "आपण दोघांनी हे कसं बसवायचं?" "मला मदत कर" म्हणू नकोस, त्यात काम तुझंच राहतं.

सुरुवातीला दोनच गोष्टी:
- एकच काम पूर्ण दे. कपडे म्हणजे मशीन लावण्यापासून वाळत घालणं, घड्या, कपाटात ठेवणं आणि साबण संपला तर आणणंसुद्धा. तू आठवण करत राहिलीस तर अर्धं काम तुझ्याकडेच राहिलं.
- त्याचं काम परत करू नकोस. मी त्याने घातलेल्या टॉवेलच्या घड्या मोडून नीट घालायचे, तिसऱ्या आठवड्यात त्याने घड्या घालणंच सोडलं. चूक माझी होती.

महिनाभर हे एवढंच चालू दे, बाकीची वाटणी नंतर बघू.