रविवारचं सेमाग्लुटाइड गुरुवारी आठवलं तर?

प्रश्न: आईला शुगरसाठी सेमाग्लुटाइडचं पेन आहे, दर रविवारी घेते. लग्नाच्या गडबडीत विसरली, आज गुरुवार. आज देऊ का? पेन दोन दिवस कपाटातच होतं.

आज द्या. शुगरच्या या पेनमध्ये चुकलेला डोस पाच दिवसांच्या आत घेता येतो. पुढचा नेहमीप्रमाणे रविवारीच. शुक्रवार उलटला असता, तर थेट रविवारी एकच डोस. भरपाई म्हणून दोन कधीच नाहीत. टिर्झेपॅटाइड या आठवड्याच्या दुसऱ्या इंजेक्शनला मात्र ही मुदत चारच दिवसांची आहे.

कपाटाचं महत्त्वाचं. चालू पेन ३० अंशांखाली बाहेर चालतं, पण सोलापुरात मे महिन्यात बंद खोलीच त्याहून तापते. तसं झालं असेल तर माझ्या मते नवीन पेन घ्या. औषध स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही. पुढे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाजवळ नको; एकदा गोठलेलं पेन वापरायचं नाही. सुई लावून ठेवू नका.

आज मळमळू शकतं. भाकरी अर्धी, शेंगाची चटणी आणि तळलेलं दोन दिवस बंद, पोट भरलं की थांबायचं. पण उलट्या थांबेनात, पाणीही टिकेना, लघवी कमी झाली, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. पाठीकडे जाणारी, न थांबणारी जोरदार पोटदुखी असेल तर थेट दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.